अपलोड केलेलं गाणं सहा डेसिबलने खाली का येतं?

एका गाण्याचं मिक्स पक्कं झालंय आणि त्याचे दोन मास्टर काढलेत असं धरू. पहिल्यात लिमिटर, म्हणजे आवाजाची टोकं छाटणारं साधन, चांगलाच दाबलाय, त्याला ‘दाबलेला’ म्हणू. दुसऱ्यात लिमिटर नुसता नावाला आहे, तो ‘मोकळा’. कॉम्प्युटरवर दोन्ही फायली एकापाठोपाठ वाजवल्या तर दाबलेला साडेपाच डेसिबलने मोठा ऐकू येतो आणि दहातले नऊ जण त्यालाच ‘हा जास्त भारी’ म्हणतात. मग दोन्ही फायली स्ट्रीमिंगवर जातात. तिथे दोघांचा आवाज सारखाच मोठा येतो. इतकंच नाही, तर दाबलेल्यातला ड्रम आता मागे सरकलेला वाटतो आणि मोकळ्यातला पुढे. इथे सहसा शंका घेतली जाते ती प्लॅटफॉर्मवर: ‘यांनी आमचं गाणं कॉम्प्रेस करून बिघडवलं.’

प्लॅटफॉर्मने कॉम्प्रेसर लावलेला नसतो. त्याने केलं ते एवढंच, की व्हॉल्यूमची कळ थोडी मागे फिरवली. गाणं सुरू झाल्यापासून संपेपर्यंत तेवढीच, एकदाच. यालाच लाउडनेस नॉर्मलायझेशन म्हणतात. दाबलेल्यातला ड्रम मागे गेला तो मास्टरिंगच्या वेळीच. तेव्हा आवाज मोठा होता म्हणून ते कानाला कळलं नाही.

फाइल अपलोड झाली की सर्व्हर ती अख्खी मोजतो आणि गाण्याला एक आकडा चिकटवतो. मूळ फाइलमधल्या ध्वनीला हात लागत नाही. ऐकणाऱ्याने गाणं लावलं की प्लेअर तो आकडा वाचतो, आपल्या ठरलेल्या पातळीशी ताडून बघतो आणि जो फरक येईल तेवढा आवाज वर किंवा खाली करतो. हा आकडा लफ्स या मोठेपणाच्या एककात असतो, आणि स्पॉटिफायची नेहमीची पातळी उणे १४ लफ्स आहे. दाबलेला मास्टर उणे ८ वर आहे, म्हणून तो ६ डेसिबलने उतरतो. मोकळा उणे १३.५ वर आहे, तो अर्ध्या डेसिबलने उतरतो. पुढचं सगळं या दोन वजाबाक्यांत आहे. पण त्याआधी हा ‘उणे ८’ येतो कुठून ते बघायला हवं, कारण निम्मे गैरसमज तिथेच असतात.

टोक वेगळं, सरासरी वेगळी

डिजिटल ध्वनीला वर एक छत असतं: शून्य डेसिबल. फाइलमधला कुठलाही नमुना त्याच्या वर जाऊ शकत नाही, म्हणून सगळ्या पातळ्या उणे आकड्यांत लिहिल्या जातात. स्नेअरचा एक ठोका छताला टेकला तर त्या गाण्याचं टोक शून्यावर आलं. पण तो ठोका काही मिलिसेकंदांचा असतो आणि गाणं मोठं आहे की बारीक हे कान अशा टोकांवरून ठरवत नाही. बराच वेळ टिकून राहणारी ऊर्जा किती आहे, त्यावरून ठरवतो. एक टाळी आणि एक भोंगा दोन्हींचं टोक शून्यावर असू शकतं, पण भोंग्याने कान किटतात, टाळीने नाही.

आवाज मोठा करण्याची जुनी युक्ती यातूनच निघाली. छत हलत नाही, म्हणून लिमिटरने टोकं छाटायची आणि जी जागा मोकळी होईल तेवढं सगळं गाणं वर उचलायचं. टोक तिथेच राहतं, सरासरी चढते. १९९० च्या दशकात डिजिटल लिमिटर हाताशी आले आणि सीडीवर ही चढाओढ दर वर्षी वाढत गेली, कारण दुसऱ्याच्या शेजारी आपलं गाणं बारीक वाटणं कुणालाच परवडत नव्हतं. त्या काळी प्लेअर फक्त टोक बघून आवाज जुळवायचा, किंवा काहीच जुळवत नसे. त्यामुळे जो जास्त छाटेल तो जिंकायचा.

२००६ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने मोजमापाची एक पद्धत प्रसिद्ध केली, तिचं नाव `ITU-R BS.1770`. युरोपातल्या प्रसारकांनी २०१० मध्ये त्यावर आधारलेला `EBU R128` हा नियम आणला आणि टीव्ही-रेडिओसाठी उणे २३ लफ्स ही पातळी ठरवली. आज जवळपास प्रत्येक लाउडनेस मीटर हीच पद्धत वापरतो. मीटरवर एकक `LUFS` असं दिसतं, बोलताना लफ्स. एक लफ्सचा फरक म्हणजे एक डेसिबलचा फरक, त्यात वेगळं काही शिकायला नको.

मीटर आधी ध्वनी एका गाळणीतून काढतो. अगदी खालचा घुमारा तो कमी धरतो आणि साधारण २ किलोहर्ट्झच्या वरचा भाग सुमारे ४ डेसिबलने जास्त धरतो, कारण आपला कानही वरच्या पट्टीला जास्त दाद देतो. याचा परिणाम गाण्यावर थेट होतो. खूप बेस असलेल्या गाण्यात बेस छताखालची जागा भरपूर खातो, पण मीटरच्या हिशेबात त्याला तेवढं वजन मिळत नाही. उलट हाय-हॅट आणि चिरके सिंथ भरलेलं गाणं मीटरवर लवकर चढतं, आणि तेवढंच जास्त खाली ओढलं जातं. मास्टर नॉर्मलायझेशननंतर अपेक्षेपेक्षा बारीक वाटला तर लिमिटरकडे जाण्याआधी २ ते ५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात काय साचलंय ते बघावं. अनेकदा दोष तिथे असतो.

गाळणीनंतर गाण्याचे ४०० मिलिसेकंदांचे तुकडे पाडले जातात. ते एकमेकांवर तीन चतुर्थांश चढलेले असतात, म्हणजे दर १०० मिलिसेकंदांनी नवा तुकडा सुरू होतो. प्रत्येक तुकड्याची ऊर्जा मोजायची आणि शेवटी सगळ्यांची सरासरी काढायची. पण ही सरासरी सरसकट नसते, आणि गंमत इथेच आहे.

शांत कडव्याची दांडी

गाण्यातल्या शांततेने आकडा खाली ओढला जाऊ नये, म्हणून २०११ च्या सुधारित आवृत्तीत दोन दारवान बसवले. पहिला उणे ७० लफ्सच्या खालचे तुकडे वगळतो, म्हणजे जवळजवळ निव्वळ शांतता. दुसरा जरा हुशार आहे. तो उरलेल्यांची सरासरी काढतो, तिच्यापेक्षा १० डेसिबलहून जास्त खाली असलेले तुकडे बाहेर काढतो आणि मग पुन्हा सरासरी घेतो.

एक गाणं घेऊ ज्यात निम्मा वेळ कडवी आहेत, नुसता गळा आणि गिटार, उणे २४ लफ्सवर. निम्मा वेळ धुवांधार ध्रुपद, उणे ९ वर. ऊर्जेची सरासरी साधारण उणे ११.९ येते. मधोमधचा आकडा येत नाही, कारण डेसिबल सरळ बेरीज-भागाकाराने चालत नाहीत. मोठा भाग सरासरीवर कब्जा करतो. आता दुसऱ्या दारवानाची रेषा पडते उणे २१.९ वर. कडवी उणे २४ वर आहेत, म्हणजे रेषेखाली. ती सगळीच्या सगळी हिशेबातून बाद होतात आणि गाण्याचा आकडा येतो उणे ९. स्पॉटिफायवर गाणं ५ डेसिबलने उतरतं. ध्रुपद उणे १४ वर वाजतं आणि कडवी उणे २९ वर. बसमध्ये इअरफोन लावलेल्याला ती ऐकूच येत नाहीत.

याच गाण्यात कडवी ४ डेसिबलने उचलून उणे २० वर आणली तर? सरासरी उणे ११.७, रेषा उणे २१.७. कडवी आता रेषेच्या वर आली, म्हणजे हिशेबात आली. गाण्याचा आकडा उणे ११.७ राहतो आणि गाणं फक्त २.३ डेसिबलने उतरतं. ध्रुपद उणे ११.३ वर, कडवी उणे २२.३ वर. कडवी चार डेसिबलने उचलली, पण ऐकणाऱ्याकडे ती जवळपास सात डेसिबलने वर पोचली. शिवाय ध्रुपदही आधीपेक्षा मोठं वाजलं, तेही त्याला हात न लावता.

खऱ्या गाण्यात भाग इतके स्वच्छ दोन पातळ्यांवर नसतात, त्यामुळे उडी एवढी टोकाची क्वचितच दिसते. पण कडव्यातला फेडर एक-दोन डेसिबल हलवल्यावर एकूण आकडा अनपेक्षित हलला, तर मीटर बिघडलेला नसतो. तुकडे रेषेच्या अलीकडे-पलीकडे गेलेले असतात.

सहा डेसिबल गेल्यावर हातात काय राहतं

आता आपल्या दोन मास्टरकडे परत येऊ. दाबलेल्याचा आकडा उणे ८ आणि सर्वांत उंच टोक अधिक ०.४. शून्याच्या वर कसं, ते पुढे येतंच. मोकळ्याचा आकडा उणे १३.५ आणि टोक उणे १.

प्लेअरने दाबलेला ६ डेसिबलने उतरवला. सरासरी उणे १४, टोक उणे ५.६. मोकळा अर्ध्या डेसिबलने उतरवला. सरासरी उणे १४, टोक उणे १.५. सरासरी दोघांची सारखी, म्हणून मोठेपणा सारखा. पण मोकळ्याचे ठोके सरासरीच्या साडेबारा डेसिबल वर उठतात आणि दाबलेल्याचे जेमतेम साडेआठ. हा चार डेसिबलचा फरक म्हणजे किकचा धक्का, स्नेअरची चपराक आणि शब्दाच्या सुरुवातीचा खणखणीतपणा. छताखाली आता साडेपाच डेसिबलची जागा रिकामी पडलीय, पण दाबलेल्याला ती वापरता येत नाही. टोकं मास्टरिंगमध्येच छाटली गेली, ती परत उगवत नाहीत.

म्हणून ‘मोठं गाणं खाली ओढलं जातं’ ही तक्रार अर्धवट आहे. खाली ओढल्याने गाण्याचं काही जात नाही. आवाज मोठा करण्यासाठी जे दिलं होतं ते दिसू लागतं, आणि त्या बदल्यात मिळालेला मोठेपणा काढून घेतला जातो. एवढा वाईट सौदा दुसरा नसेल.

अर्थात दाबलेला आवाज हीच काही संगीतप्रकारांची ओळख असते. भरगच्च, भिंतीसारखा, विकृत केलेला गिटार उणे ८ वर मुद्दाम आणला असेल, तर तो उणे १४ वर वाजतानाही तसाच भरगच्च राहतो. तो पोत हवा म्हणून दाबला असेल तर ठीक. नुसता आवाज मोठा व्हावा म्हणून दाबला असेल तर कष्ट वाया गेले.

बारीक गाणं वर येतंच असं नाही

वजाबाकी सोपी असते, कारण खाली आणताना कशाला धडकायचं नसतं. वर नेताना छत आडवं येतं. एका शांत वाद्यसंगीताच्या ध्वनिमुद्रणाचा आकडा उणे २० लफ्स आणि टोक उणे ३ आहे असं समजा. उणे १४ गाठायला ६ डेसिबल हवेत. पण स्पॉटिफाय नेहमीच्या पातळीवर टोक उणे १ च्या वर जाऊ देत नाही, म्हणजे वाव फक्त २ डेसिबलचा. गाणं उणे १८ वर वाजतं आणि शेजारच्या गाण्यांपेक्षा चार डेसिबल बारीकच राहतं.

तिथेच सेटिंगमध्ये आणखी दोन पातळ्या आहेत. शांत पातळी उणे १९ ची आणि मोठी पातळी उणे ११ ची. मोठ्या पातळीवर मात्र प्लेअर स्वतःचा लिमिटर लावतो. आपला मोकळा मास्टर तिथे अडीच डेसिबलने वर चढतो, त्याची टोकं छताच्या वर जातात आणि प्लेअरचा लिमिटर ती दाबतो. दाबलेला मात्र तिथेही ३ डेसिबलने खालीच येतो. म्हणजे प्लॅटफॉर्म गाण्याला कधीच कॉम्प्रेस करत नाही असंही छातीठोक म्हणता येत नाही. या एका सेटिंगमध्ये करतो, आणि तेही मोकळ्या गाण्याला.

यूट्यूबची पातळीही साधारण उणे १४ च्याच आसपास आहे, पण रीत वेगळी. तिथलं नेहमीचं नॉर्मलायझेशन मोठं गाणं उतरवतं आणि बारीक गाणं आहे तिथेच सोडतं. अपलोड बारीक झालं तर सावरणारं कुणी नाही. त्याच्या मोबाइल अ‍ॅपमधलं ‘स्टेबल व्हॉल्यूम’ हे मात्र निराळं प्रकरण आहे. ते गाण्याच्या आतले चढउतार कमी करतं, तेव्हा नॉर्मलायझेशन तपासताना ते बंद ठेवावं. अ‍ॅपल म्युझिकमध्ये ‘साउंड चेक’ सुरू असेल तर पातळी उणे १६ ची, म्हणजे दाबलेला मास्टर तिथे ८ डेसिबलने उतरतो.

आणि अल्बम सलग ऐकताना स्पॉटिफाय प्रत्येक गाण्याला वेगळी कळ फिरवत नाही. सबंध अल्बमला एकच फरक लावतो, म्हणजे मुद्दाम शांत ठेवलेलं गाणं शांतच राहतं. तेच गाणं मिसळलेल्या प्लेलिस्टमध्ये आलं तर एकट्याच्या आकड्यावर वाजतं. एकच गाणं दोन ठिकाणी वेगळ्या आवाजात ऐकू आलं तर आधी हे तपासावं.

अधिक ०.४ म्हणजे काय

फाइलमध्ये ध्वनी ठिपक्यांच्या रूपात असतो, सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० ठिपके. ऐकू येते ती त्यांच्यामधून काढलेली वळणदार रेघ. दोन शेजारचे ठिपके छताच्या जरा खाली असले तरी त्यांच्या मधली रेघ छताच्या वर जाऊ शकते. या खऱ्या टोकाला ट्रू पीक म्हणतात. मीटर ते पकडायला मधले ठिपके स्वतः भरून काढतो, साधारण चौपट दाट करून. साधा पीक मीटर फक्त मूळ ठिपके बघतो आणि उणे ०.१ दाखवून सगळं ठीक आहे म्हणतो.

गोष्ट इथे थांबत नाही. प्लॅटफॉर्म ऐकणाऱ्याला मूळ वेव्ह फाइल सहसा पाठवत नाही. ती एएसी, ऑग व्हॉर्बिस किंवा ओपसमध्ये आवळून पाठवतो. आवळताना लाटेचा आकार थोडा बदलतो, आणि जी लाट जितकी छाटलेली तितकी तिची टोकं जास्त उसळतात. दाबलेल्या मास्टरमध्ये छताला टेकलेली शेकडो टोकं असतात, त्यातली कुठली तरी डेसिबलभर वर जातेच. ऐकणाऱ्याने नॉर्मलायझेशन बंद केलं असेल तर ती सरळ छताला आपटतात आणि गळ्याच्या ‘स’ वर किंवा झांजेवर वाळू घासल्यासारखी खरखर येते. हेडफोनमध्ये ती चटकन कळते, फोनच्या स्पीकरवर सहसा नाही.

म्हणून स्पॉटिफायचा सल्ला असा आहे की ट्रू पीक उणे १ च्या खाली ठेवा, आणि मास्टर उणे १४ पेक्षा मोठा असेल तर उणे २ च्या खाली. लिमिटरमध्ये ट्रू पीकचं बटण असेल तर ते सुरू करायला विसरू नये. नुसतं ‘सीलिंग उणे १’ लिहून ते बटण बंद ठेवलं तर टोकं तरीही वर निसटतात.

मोजायचं कसं

स्टुडिओच्या सॉफ्टवेअरमधला कुठलाही लाउडनेस मीटर चालेल, पण गाणं पहिल्या सेकंदापासून शेवटच्या सेकंदापर्यंत वाजवायला हवं आणि `Integrated` किंवा `I` लिहिलेला आकडा वाचायला हवा. `Short-term` हा मागच्या ३ सेकंदांचा आणि `Momentary` हा ४०० मिलिसेकंदांचा. ध्रुपदावर `Short-term` उणे ६ दिसला म्हणून गाणं उणे ६ चं होत नाही. मीटर मागच्या वेळचा हिशेब धरून बसला असेल तर आकडा चुकतो, तेव्हा दर वेळी रीसेट करावं.

काहीच हाताशी नसेल तर फुकटातलं एफएफएमपेग हे काम करतं:

```
ffmpeg -hide_banner -i master.wav -af ebur128=peak=true -f null -
```

शेवटी असा सारांश येतो (मधल्या काही ओळी गाळल्या आहेत):

```
Integrated loudness:
  I:         -8.0 LUFS
  Threshold: -18.0 LUFS
True peak:
  Peak:        0.4 dBFS
```

`I` हा आपला आकडा. `Threshold` म्हणजे दुसऱ्या दारवानाची रेषा, ज्याच्या खालचं हिशेबात नाही. `Peak` शून्याच्या वर आहे, म्हणजे हा मास्टर पाठवण्याजोगा नाही.

फाइल मोनो असेल, उदाहरणार्थ एकाच माइकवर घेतलेलं निवेदन, तर एक खोच लक्षात ठेवावी. मीटर सगळ्या चॅनेलची ऊर्जा एकत्र करतो. एका चॅनेलच्या फाइलचा आकडा तोच आवाज दोन्ही चॅनेलवर टाकलेल्या फाइलपेक्षा ३ डेसिबलने कमी येतो, जरी स्पीकरवर दोन्ही सारख्याच ऐकू येत असल्या तरी. उणे १७ दाखवणारी मोनो फाइल स्टिरिओ करून निर्यात केली की उणे १४ दाखवते. वरच्या आज्ञेत `ebur128=peak=true:dualmono=true` लिहिलं की मोनो फाइल दोन्ही कानांवर वाजेल असं धरून आकडा मिळतो.

अपलोड झाल्यावर यूट्यूबवर पडताळणी सोपी आहे. कॉम्प्युटरवर व्हिडिओवर राइट क्लिक करून `Stats for nerds` उघडायचं. तिथे अशी एक ओळ असते:

```
Volume / Normalized  100% / 50% (content loudness 6.0dB)
```

अर्थ असा, की कळ शंभर टक्क्यांवर आहे, पण प्रत्यक्षात ५० टक्केच आवाज जातोय, कारण ध्वनी पातळीपेक्षा ६ डेसिबल मोठा आहे. ५० टक्के वाचून घाबरायचं कारण नाही. तो लाटेच्या उंचीचा हिशेब आहे. कानाला आवाज निम्मा वाटायला साधारण १० डेसिबल उतरावे लागतात. कंसातला आकडा उणे असेल, समजा `-3.2dB`, तर दुसरा आकडाही १०० टक्केच राहतो. बारीक गाण्याला यूट्यूब उचलत नाही ते इथे डोळ्यांनी दिसतं.

मग मास्टर किती मोठा ठेवायचा

‘सगळं उणे १४ वर आणा’ हा सल्ला जागोजागी सापडतो आणि तो तितकासा बरा नाही. उणे १४ ही वाजवण्याची पातळी आहे. गाणं तिथेच जन्मावं अशी अट कुणी घातलेली नाही. उणे १० वर छान वाजणारं गाणं केवळ आकड्यासाठी उणे १४ वर आणलं तर ऐकणाऱ्याला नॉर्मलायझेशनसह काहीच फरक पडत नाही, आणि त्याशिवाय ते नुसतं बारीक वाटतं. उलट उणे १८ वर असलेलं नाजूक गाणं लिमिटरने ढकलून उणे १४ ला नेणं तर सरळ नुकसान. आकडा सहज खाली-वर होतो, छाटलेली टोकं परत येत नाहीत.

त्यापेक्षा निर्णय कानाने घ्यावा, पण कानाला फसू न देता. कान मोठ्या आवाजालाच चांगला म्हणतो, एका डेसिबलच्या फरकालाही. म्हणून आधी पातळी जुळवायची. दोन्ही मास्टर एकाच सेशनमध्ये दोन ट्रॅकवर ठेवायचे. दोघांचे `Integrated` आकडे मोजायचे. मोठ्या मास्टरचा फेडर जेवढा फरक असेल तेवढा खाली घ्यायचा. आपल्या उदाहरणात दाबलेला ट्रॅक ५.५ डेसिबलने उतरतो. मास्टर चॅनेलवर या वेळी काहीही प्रक्रिया नको. मग गाण्यातल्या सर्वांत गजबजलेल्या जागी १५ सेकंदांचा लूप लावायचा आणि दोन ट्रॅकमध्ये इकडून तिकडे उड्या मारायच्या. शक्य असेल तर दुसऱ्याला बटण दाबायला सांगून, कुठला ट्रॅक वाजतोय ते न बघता.

काय ऐकायचं ते ठरवून घ्यावं. किक आणि बेस एकत्र पडतात तेव्हा किकचं टोक कळतं का? स्नेअरच्या ठोक्याबरोबर गळा क्षणभर मागे दबतो का? लांब टिकणाऱ्या सुरावर खरखर आहे का? दाबलेला यात कमी पडला तर लिमिटरचा इनपुट एक डेसिबलने कमी करायचा, पुन्हा निर्यात, पुन्हा मोजणी, पुन्हा फेडर जुळवणं. दोन-तीन फेऱ्यांत अशी जागा सापडते जिथून आणखी मोकळं करून कानाला काही मिळत नाही. बऱ्याच गाण्यांत ती उणे ९ आणि उणे १२ च्या मधे कुठेतरी येते, भरगच्च गाण्यांत वर, शांत गाण्यांत बरीच खाली. जिथे येईल तिथे ट्रू पीक तपासून, लिमिटरची सीलिंग उणे १ किंवा उणे २ वर ठेवून फाइल पाठवायची.

नॉर्मलायझेशन सगळीकडे सुरू नसतं हेही धरून चालावं. ऐकणारा ते बंद करू शकतो, स्पॉटिफायच्या वेब प्लेअरमध्ये आणि काही बाहेरच्या उपकरणांवर ते लागूच होत नाही. तिथे दाबलेला मास्टर खरोखरच साडेपाच डेसिबलने मोठा वाजतो. तेवढ्या ऐकणाऱ्यांसाठी बाकीच्यांचा ड्रम चपटा करायचा की नाही, हा ज्याच्या त्याच्या हिशेबाचा भाग आहे.